धड्याआधीचा नकाशा आणि धड्यानंतरचा

बँकेत असताना दोन भावांच्या दुकानाचे कर्जप्रकरण माझ्याकडे आले होते. नफातोटा पत्रकात नफा बरा दिसत होता, गल्ल्यात मात्र पैसा नव्हता. धाकट्या भावाने मला विचारले, "साहेब, नफा झाला म्हणता, मग पैसा गेला कुठे?" प्रश्न मला विचारलेला असला, तरी त्याचा रोख शेजारी बसलेल्या थोरल्या भावाकडे होता. पैसा कोठेही गेला नव्हता. तो गिऱ्हाइकांच्या उधारीत आणि गोदामातील मालात अडकला होता. मी ताळेबंद पुढे ठेवून समजावले, दोघांनी माना डोलावल्या आणि दोन वर्षांनी दुकानाची वाटणी झाली. दोघेही वाणिज्य पदवीधर होते. नफ्याची व्याख्या दोघांनीही परीक्षेत लिहिली असणार.

माना डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवे होते. ते कळले निवृत्तीनंतर, कागलमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना रविवारी हिशेब शिकवू लागल्यावर. मुले बहुतेक आपल्याच समाजातील दुकानदारांची. "समजले का?" या प्रश्नाला सगळ्यांकडून होकार येई. त्या होकाराच्या आत नेमके काय आहे, हे पाहण्यासाठी मी संकल्पना नकाशाचा उपयोग करू लागलो. या महिन्यात त्याविषयी लिहितो.

हा प्रकार अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९७२ च्या सुमारास जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. लहान मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षे कशी बदलत जाते, याचा ते मुलाखती घेऊन अभ्यास करीत होते. मुलाखतींची पाने इतकी साचली की त्यांतून बदल शोधणे अवघड झाले. म्हणून मूल जे बोलले ते त्यांनी चौकटी आणि रेषांच्या रूपात मांडायला आरंभ केला. त्यामागे डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे यावर पुढचे शिकणे सर्वाधिक अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नकाशाची रचना साधी आहे. चौकटीत एक संकल्पना लिहायची, दोन चौकटी बाणाने जोडायच्या आणि बाणावर जोडशब्द लिहायचे. चौकट, बाण, चौकट असे सलग वाचले की एक विधान तयार झाले पाहिजे. हे विधान खरे की खोटे, हे ठरवता येते, आणि नकाशाचा सगळा जीव त्यात आहे. नुसत्या रेषेला अर्थ नसतो, कारण 'संबंध आहे' एवढे तर कोणीही सांगेल.

हे तंत्र मी मुलांना हिशेबाच्या धड्यात शिकवले नाही. त्यासाठी आधीचा एक रविवार ठेवला आणि पाठशाळेत पाठ केलेली सात तत्त्वे घेतली. जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष ही नावे सर्वांना तोंडपाठ होती. बाणावर काय लिहायचे, असे विचारताच खोली शांत झाली. हळूहळू विधाने येऊ लागली. आस्रवाने आलेले कर्म जीवाशी जखडले की बंध होतो. संवर नव्या कर्माचा आस्रव थांबवतो. निर्जरा आधीचे बांधलेले कर्म झडवते. एका मुलीने 'तप' ही आठवी चौकट काढून तिचा बाण निर्जरेकडे नेला. तत्त्वार्थसूत्रात तपाने संवरही होतो असे म्हटले आहे, तेव्हा दुसरा बाण तिकडेही गेला. नकाशाच्या दोन दूरच्या भागांना जोडणारा असा बाण सर्वांत मोलाचा असतो.

हा वेगळा रविवार देण्याला कारण आहे. तंत्रच नवे असेल तर पहिला नकाशा त्या अडचणीमुळे कच्चा येतो आणि दुसरा केवळ हात बसल्यामुळे चांगला दिसतो. आपल्याला वाटते समज वाढली, प्रत्यक्षात वाढलेली असते ती चित्र काढण्याची सवय.

पुढच्या रविवारी मूळ धडा होता नफा आणि रोकड. धड्याआधी कोरा कागद देऊन फळ्यावर आठ शब्द लिहिले: विक्री, खरेदी, माल, उधारी, खर्च, कर्ज, नफा, रोकड. त्यावर एक प्रश्न लिहिला, कारण प्रश्नाशिवाय नकाशा भरकटतो. पूर्वीच्या एका तुकडीला मी 'नफा असूनही गल्ला रिकामा का?' असा प्रश्न दिला होता, आणि ती माझी चूक होती. त्या प्रश्नाने निम्मे उत्तर सांगून टाकले होते, त्यामुळे मुलांची खरी समजूत कागदावर आलीच नाही. या वेळी प्रश्न होता, 'दुकानात पैसा कोठून येतो आणि कोठे जातो?' वीस मिनिटांनी मी कागद गोळा करून बाजूला ठेवले.

एका मुलीच्या घरचे खताचे दुकान आहे. तिच्या पहिल्या नकाशात एकच साखळी होती. विक्री 'देते' नफा, नफा 'जमा होतो' रोकड. उधारीची चौकट कोपऱ्यात एकटी होती. मालातून एक बाण खरेदीकडे गेला होता, त्यावर शब्द नव्हता. कर्जाचा बाण नफ्याकडे होता आणि त्यावर लिहिले होते 'वाढवते'.

नंतर धडा घेतला. एक काल्पनिक दुकान दोन लाख रुपये रोख भांडवलावर सुरू झाले. १,८०,००० रुपयांचा माल रोखीने आणला. त्यातील १,५०,००० रुपयांचा माल २,००,००० रुपयांना विकला, पण रोख मिळाले ८०,००० आणि १,२०,००० उधारीवर राहिले. खर्च २०,००० रुपये झाला. नफा किती? विक्रीतून विकलेल्या मालाची किंमत आणि खर्च वजा केला की ३०,०००. आणि गल्ल्यात? दोन लाखांतून खरेदीचे १,८०,००० गेले, ८०,००० आले, २०,००० गेले, म्हणजे उरले ८०,०००. नफा तीस हजारांचा आणि रोकड दोन लाखांवरून ऐंशी हजारांवर! बाकीचे कोठे आहेत ते मुलांनीच शोधले: १,२०,००० उधारीत आणि ३०,००० शिल्लक मालात. तिन्हींची बेरीज २,३०,०००, म्हणजे मूळ भांडवल अधिक नफा. आपल्याकडे उसाचे बिल येईपर्यंत खते-बियाण्यांची उधारी कशी थांबते, हे या मुलांना मी काय सांगणार? ते घरी रोज ऐकतात. मात्र ते ऐकणे आणि पुस्तकातील 'नफा' हा शब्द त्यांच्या मनात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते.

धड्यानंतर तोच प्रश्न, तेच आठ शब्द आणि पुन्हा कोरा कागद. जुना कागद हाती देऊन त्यावरच दुरुस्ती करायला सांगता येते, आणि वेळ वाचतो. पण तसे केल्यास मुले जुन्या बाणांना सहसा हात लावत नाहीत, वर नवे बाण तेवढे काढतात. कोऱ्या कागदावर मात्र मनात जे आहे तेच उतरते.

त्या मुलीच्या दुसऱ्या नकाशात साखळी मोडली होती. विक्रीतून दोन बाण निघाले होते. एक 'रोखीची असेल तर लगेच वाढवते' असे म्हणत रोकडीकडे गेला, दुसरा 'नंतर देण्याच्या बोलीवर होते' असे म्हणत उधारीकडे. उधारीतून रोकडीकडे एक लांब बाण होता, त्यावर लिहिले होते 'ऊसबिल आल्यावर बनते'. नफ्याचा रोकडीकडे जाणारा थेट बाण गेला होता. कर्जाचा बाण मात्र जागचा हलला नव्हता, अजूनही नफा 'वाढवतच' होता. कर्ज रोकड वाढवते, नफा नव्हे; उलट त्यावरचे व्याज नफा घटवते. माझ्या उदाहरणात कर्जाचा व्यवहारच नव्हता, मग तो बाण हलणार कसा? पुढच्या धड्याचा विषय मला असा मिळाला.

दुसऱ्या एका मुलाचा कागद पाहून आधी मी खूश झालो. खेळते भांडवल, शिल्लक माल, येणे हे माझ्या तोंडचे सगळे शब्द त्याने नव्या चौकटींत घातले होते. पण सर्व चौकटी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या एकट्या 'दुकान' या शब्दाला जोडलेल्या होत्या, एकमेकींना नव्हे. आणि 'नफा म्हणजे गल्ल्यातील पैसा' हे जुने विधान मध्ये सुखरूप होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डेव्हिड हे यांनी २००७ मध्ये अशा आधी-नंतरच्या नकाशांतून तीन परिणाम वेगळे केले: काहीच न बदलणे, नुसती भर पडणे आणि जुनी मांडणीच बदलणे. या मुलाची केवळ भर पडली होती. लेखी परीक्षेत त्याला त्या मुलीपेक्षा अधिक गुण मिळाले असते.

गुण देण्याची रीतही आहे. नोव्हाक आणि बॉब गोविन यांच्या १९८४ च्या पुस्तकात प्रत्येक योग्य विधानाला एक, श्रेणीच्या प्रत्येक पायरीला पाच आणि दूरच्या भागांना जोडणाऱ्या योग्य बाणाला दहा गुण सुचवले आहेत. बँकेच्या सवयीने मीही आरंभी बेरजा केल्या. पण भरपूर चौकटी काढणाऱ्याची बेरीज फुगते आणि एक चुकीचा बाण पुसणाऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही. माझ्या मते तर पुसलेला बाण हीच मुख्य जमा. म्हणून आता मी बेरीज करीत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचून घेतो आणि काय बदलले ते मुलालाच सांगायला लावतो. एका मुलाचा दुसरा नकाशा पहिल्यापेक्षा गोंधळाचा आला होता. बोलताना कळले की जुने त्याला पटेनासे झाले होते आणि नवे अजून बसले नव्हते. त्याला मी नापास कसा ठरवू?

जोडशब्द ढिसाळ असतील तर हे वाचन फसते. 'संबंधित आहे', 'असतो', 'मुळे' यांच्याखाली वाटेल ते लपते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी विज्ञानाच्या नकाशांसाठी निवडक, निश्चित अर्थाचे जोडशब्द वापरून पाहिले आहेत. मी एवढेच सांगतो की बाणावर क्रियापद हवे आणि 'असणे' चालणार नाही.

कागद परत देताना त्या मुलीने आपल्या दुसऱ्या नकाशात एक नववी चौकट घातल्याचे माझ्या लक्षात आले. तीत 'घरखर्च' असे लिहिले होते. तिथून रोकडीकडे बाण होता, 'कमी करतो'. नफ्याकडेही एक रेष होती, पण तिच्यावर शब्दांऐवजी प्रश्नचिन्ह होते. बाबा गल्ल्यातून घरासाठी पैसे नेतात, तो दुकानाचा खर्च की नाही, असे तिने विचारले. खर्च नव्हे, त्याला उचल म्हणतात; ती रोकड आणि भांडवल दोन्ही घटवते, नफ्याला मात्र हात लावत नाही, असे मी सांगितले. तिने ती रेष खोडली, नवा बाण काढला आणि त्याच्या टोकाशी दहावी चौकट करून तीत 'भांडवल' लिहिले.