न्यूटन लहान, N मोठा

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर येथील एका वाचकांकडे जुन्या घरावर मजला चढविण्याचे काम निघाले आहे. ठेकेदाराने टंकलिखित अंदाजपत्रक दिले, त्यात सिमेंटच्या बळकटीपुढे 53 mPa असे छापलेले होते. घरातील दहावीतली पुतणी तो कागद वाचून म्हणाली, "काका, येथे m मोठा हवा." काकांनी तिला विचारले की, अक्षर लहान काय नि मोठे काय, भिंतीला त्याचे काय? तेव्हा तिने आपली जुनी शंका पुढे केली: इंग्रजीत newton हा शब्द लहान n ने लिहावयाचा आणि त्याचे चिन्ह मात्र मोठे N, हा उलटा न्याय कसला? गौरवच करावयाचा तर नाव मोठे नको काय? दोन्ही प्रश्न आमच्याकडे आले आहेत, आणि दोहोंचे उत्तर एकच असल्यामुळे ते एकत्रच देतो.

प्रथम नावाचे पाहू. मराठी व्याकरणात विशेषनामाचे सामान्यनाम होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. "आमच्या घरात दोन कुंभकर्ण आहेत" असे एखादी गृहिणी सुटीच्या सकाळी वैतागून म्हणते, तेव्हा तिला लंकेतील रावणबंधू अभिप्रेत नसतो. कुंभकर्ण हा तेथे एक प्रकार झाला, त्याची संख्या मोजता येते. एककांचेही असेच आहे. 'पाच न्यूटन बल' म्हणताना आपण पाच आयझॅक न्यूटन मोजीत नाही. न्यूटन हा शब्द मीटर किंवा सेकंद यांच्या पंक्तीला येऊन बसलेला असतो. इंग्रजीत विशेषनामाला मोठे अक्षर आणि सामान्यनामाला लहान, म्हणून newton, pascal, watt हे सारे लहान. जर्मन भाषेत सर्वच नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, तेथे हेच एकक Newton असे लिहितात आणि तेही बरोबरच असते. म्हणजे एककाचे नाव हा त्या त्या भाषेतला शब्द आहे आणि तो त्या भाषेचे व्याकरण पाळतो. मराठीत आपण 'पाच न्यूटनांचे बल' म्हणतो, तेही याच हक्काने.

माणसाचे नाव शब्द होताना किती झिजते, हे पाहणे मोठे मौजेचे आहे. फॅरडेचा फॅरड झाला, व्होल्टाचा व्होल्ट झाला, आणि अँपिअरच्या नावावरील फ्रेंच स्वरचिन्ह इंग्रजी लिहिण्यात गळून गेले. केल्विनची गोष्ट तर याहून निराळी. त्या शास्त्रज्ञाचे खरे नाव विल्यम टॉमसन. त्याला सरदारकी मिळाली तेव्हा ग्लासगो येथील आपल्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्याने पदवीसाठी घेतले. तेव्हा तापमानाचे हे एकक मुळात एका लहानशा नदीचे नाव मिरविते. भारतीय शास्त्रज्ञाचे नाव मात्र या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकाही एककाला लाभलेले नाही, हेही सांगून टाकतो.

आता चिन्हाकडे वळू. N किंवा Pa हा शब्द नव्हे, आणि शब्दाचा संक्षेपही नव्हे. ते गणितातील अधिक-उणे यांसारखे चिन्ह आहे. म्हणून त्याला अनेकवचन नाही, त्याच्यापुढे पूर्णविराम नाही, आणि भाषा बदलली तरी ते बदलत नाही. पॅरिस येथे १९४८ मध्ये वजनमापांची नववी सर्वसाधारण परिषद भरली, तिने याविषयी नियम घालून दिला: चिन्हे सामान्यतः लहान अक्षरांत असावीत, परंतु जे चिन्ह व्यक्तिनामावरून आले असेल त्याचे पहिले अक्षर मोठे असावे. न्यूटन हे एककही याच परिषदेने मान्य केले. न्यूटन १७२७ मध्ये निवर्तला. म्हणजे हा मान त्याला दोन शतके उलटून गेल्यावर मिळाला. पास्कलला तर १९७१ पर्यंत थांबावे लागले.

तेव्हा पुतणीच्या शंकेचा पहिला भाग असा सुटतो की, गौरव चिन्हात ठेवला आहे आणि व्याकरण नावात. परंतु मोठ्या अक्षराला निव्वळ मानाची पगडी समजू नये. रोमन लिपीत अक्षरे सव्वीसच; एकके आणि त्यांना लागणारे उपसर्ग त्यांहून पुष्कळ अधिक. तेव्हा लहान अक्षर एका कामाला आणि तेच मोठे अक्षर दुसऱ्या कामाला, अशी वाटणी करावी लागली. s म्हणजे सेकंद, S म्हणजे सीमेन्स. k म्हणजे किलो, K म्हणजे केल्विन. m म्हणजे मीटर किंवा मिलि, M म्हणजे मेगा. वाणी पिशवीवर Kg असे लिहितो, तेव्हा शास्त्राच्या काटेकोर वाचनात त्याचा अर्थ केल्विन-ग्रॅम असा काहीतरी विचित्र होतो. तांदूळ मात्र तेवढेच मिळतात, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. अंदाजपत्रकातील mPa ची गोष्ट इतकी निरुपद्रवी नाही.

ती समजण्यासाठी पास्कल म्हणजे केवढा दाब हे डोळ्यांपुढे आणले पाहिजे, आणि त्याला मलकापूरच्या पावसाइतके चांगले साधन नाही. एक चौरस मीटर जागेवर एक न्यूटन बल सारखे पसरले म्हणजे एक पास्कल दाब होतो. आता गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस साचला असे समजा. प्रत्येक चौरस मीटरवर बरोबर एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी झाले. एक किलोग्रॅमचे वजन ९.८ न्यूटन, म्हणून त्या पाण्याचा दाब ९.८ पास्कल. थोडक्यात, मिलिमीटरभर पाणी म्हणजे जवळजवळ दहा पास्कल. श्रावणात पालापाचोळ्याने गच्चीचे पन्हळ तुंबले आणि दहा सेंटिमीटर पाणी चढले, तर दाब ९८० पास्कल होईल. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद गच्चीवर हे पाणी दोन हजार लिटर, म्हणजे दोन टन भरते. आकडा हजार पास्कलच्याही आतला, आणि छतावर बोजा दोन टनांचा! पास्कल हे इतके बारीक एकक आहे.

म्हणून व्यवहारात त्याला उपसर्ग लावावेच लागतात. हवामानखात्याच्या वार्तापत्रांत hPa दिसते: त्यात h हा हेक्टो म्हणजे शंभर, आणि Pa हा पास्कल. हवेच्या दाबाशी पास्कलचे नाव जोडले गेले त्याला कारणही तसेच आहे. १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील पुई-द-दोम या डोंगरावर चढला, आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे तीन इंच खाली उतरलेला दिसला. आपल्याकडे रत्नागिरीहून निघून आंबा घाटाने मलकापूरकडे येणाऱ्या प्रवाशाचे कान चढणीवर दडे बसल्यासारखे होतात, त्याचे मूळ हेच. समुद्रकाठापासून सहाशे मीटर वर आले की हवेचा दाब सुमारे ७० hPa ने, म्हणजे सात हजार पास्कलने उतरतो.

आता सिमेंटकडे येऊ. पोत्यावर ५३ हा जो आकडा असतो, त्याचा अर्थ असा की, प्रमाणित वाळू व सिमेंट यांचा ठोकळा करून तो अठ्ठावीस दिवस भिजत ठेवल्यावर प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे निदान ५३ न्यूटन दाब सोसला पाहिजे. एका चौरस मीटरात दहा लक्ष चौरस मिलिमीटर असतात, म्हणून हा दाब ५३ दशलक्ष पास्कल, म्हणजेच 53 MPa झाला. परीक्षेचा ठोकळा ७०.६ मिलिमीटर बाजूचा घेतात. त्याच्या एका पृष्ठाचे क्षेत्र जवळजवळ पाच हजार चौरस मिलिमीटर भरते. तेव्हा मुठीत मावणाऱ्या त्या ठोकळ्यावर २,६५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २७ टनांचा भार पडेपर्यंत तो फुटता कामा नये.

अंदाजपत्रकातल्या mPa मध्ये m लहान आहे. लहान m म्हणजे मिलि, एक सहस्रांश. अक्षरशः वाचले तर ते सिमेंट ०.०५३ पास्कलच सोसते. मघाच्या पावसाच्या हिशेबाने हा दाब मिलिमीटरच्या सुमारे एकशेऐंशीव्या हिश्श्याइतक्या पातळ पाण्याच्या थराचा झाला. गच्चीवर पहाटेचे दव पडले तरी छत खाली यावे! एका अक्षराने शंभर कोटी पटींचा फरक पडला. येथे चूक इतकी अवाढव्य आहे की ती उघडी पडते, आणि ठेकेदाराच्या मनात काय होते याविषयी शंका राहत नाही. बांधकामाच्या कोणत्याही कागदावर mPa दिसले की ते चुकीचे आहे असे खुशाल समजावे. परंतु mPa हे चिन्ह निरर्थक नाही. तेलाचा चिकटपणा मोजणारे लोक मिलिपास्कल-सेकंद नित्य वापरतात. यंत्रकामात N m म्हणजे न्यूटन-मीटर हे बोल्ट किती आवळावा हे सांगते, आणि nm म्हणजे नॅनोमीटर हे प्रकाशलहरींची लांबी. तेथे संदर्भ ठाऊक नसलेल्याला चूक ओळखणे सोपे जात नाही.

त्याच अंदाजपत्रकात काँक्रीटपुढे M20 असेही असेल. हा M मेगा नव्हे, आणि एककही नव्हे; तो मिश्रणाची प्रत दाखवितो, आणि पुढचे वीस म्हणजे दीडशे मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्याची चौरस मिलिमीटरमागे वीस न्यूटन ही बळकटी. पोत्यावरील ५३ पाहून छतही ५३ चे होईल असे मानू नये. खडी, वाळू आणि पाणी यांचे प्रमाण कसे पडते यावर छताचे बळ ठरते, आणि पाणी जास्त झाले की ते झपाट्याने घटते.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा आपण काय करावे? आपल्या जुन्या रीतीप्रमाणे 'से.' लिहिले तर तो सेकंद, सेंटी की सेल्सिअस हे वाचणाऱ्याने ताडावयाचे; 'मि.' म्हणजे मिनिटही आणि मिलिही. म्हणूनच मराठी माध्यमाच्या शास्त्रविषयक पुस्तकांत नावे देवनागरीत आणि चिन्हे रोमन अक्षरांत छापतात. आम्हांस ही रीत योग्य वाटते. नाव आपल्या भाषेत मुरू द्यावे, चिन्ह आहे तसे राहू द्यावे. विजेच्या बिलात ज्याला आपण नुसते 'युनिट' म्हणतो, ते मीटरवर kWh असे असते: किलोचा k लहान, जेम्स वॅटचा W मोठा, आणि तासाचा h पुन्हा लहान, कारण तास कोणा माणसाच्या नावाचा नाही.

नियमाला एकच खरा अपवाद आहे, तो लिटरचा. लिटर नावाचा शास्त्रज्ञ कधी झाला नाही, म्हणून त्याचे चिन्ह लहान l. परंतु ते छापलेल्या 1 या आकड्यासारखे दिसून घोटाळा होई, म्हणून १९७९ मध्ये मोठे L ही चालेल असे ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वूल्नर या अध्यापकाने एप्रिलफूल म्हणून क्लोद लिटर नामक अठराव्या शतकातील एका शास्त्रज्ञाचे काल्पनिक चरित्र रसायनशिक्षकांच्या एका पत्रिकेत छापले होते. मोठ्या L ला कोणीतरी धनी हवा ना! ते चरित्र कित्येकांनी खरे मानले.