काळजीच्या वहीला तारखेचा रकाना हवा



काळजी मनात फिरवत राहण्यापेक्षा ती कागदावर उतरवावी, हे सगळेच सांगतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नुसती उतरवून उपयोग नाही. ज्या कागदावर तारीख नाही, तो कागदही काळजीच करत बसतो.

या पद्धतीला मानसशास्त्रात 'समस्या सोडवण्याचा तक्ता' म्हणतात. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून शिकवून तयार केलेल्या आज्या लोकांना हीच पद्धत सांगतात. तिची नीट चाचणी झाली आणि 2016 साली निष्कर्ष छापून आले. आपल्या शेजारी गोव्यात 'संगथ' संस्थेने नैराश्यासाठी जे समुपदेशन सरकारी आरोग्य केंद्रांत तपासून पाहिलं, त्यातही समस्या सोडवण्याचा भाग होता. तिथेही समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. म्हणजे हे काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

तक्त्यात सहा रकाने करायचे: काळजी, तिच्यातला हातात असलेला भाग, सुचतील ते सगळे उपाय, निवडलेली कृती, तारीख आणि काय झालं. माझाच तक्ता दाखवते.

पहिल्या रकान्यात लिहिलं, "यांना काही झालं तर माझं कसं होणार?" यांचं वय 71. हे वाक्य शंभर वेळा वाचलं तरी त्यातून करण्यासारखं काहीच निघत नाही. म्हणून दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मृत्यू कधी येईल हे माझ्या हातात नाही. तो भाग अनित्य भावनेचा, स्वाध्यायाचा. पण कुठल्या बँकेत किती ठेवी आहेत आणि त्यावर नॉमिनी कोण, हे मला माहीत नाही, हा भाग मात्र हातातला आहे. तिथे काळजीचा प्रश्न झाला.

उपाय लिहिताना लगेच चांगलं-वाईट ठरवायचं नाही. मुलीला सांगणं, वकील गाठणं, सगळ्या ठेवी मोडून एकाच बँकेत ठेवणं, असं सहा-सात लिहिलं. मग प्रत्येकाला विचारलं, पैसे किती लागतील, आणि हे मला एकटीला जमेल का? ठेवी मुदतीआधी मोडल्या तर व्याज कमी मिळतं, म्हणून तो उपाय खोडला.

राहिलेल्यांचे तुकडे असे पडले. सोमवार 5 जानेवारी, दुपारी 3: यांच्यासोबत कपाटातल्या सगळ्या पावत्या काढून एका यादीत लिहिणे. गुरुवार 8 जानेवारी: ज्या पावतीवर नॉमिनीची नोंद दिसत नाही, त्यावर खूण करणे. सोमवार 12 जानेवारी, सकाळी 11: यांना घेऊन बँकेत जाऊन अर्ज भरणे आणि पोच घेणे. शनिवार 10 तारीख सोयीची होती, पण दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. काय आडवं येईल ते आधीच बघावं, ते यासाठीच.

नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, हेही इथे उपयोगी पडलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, ते कोणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून 'मृत्युपत्राबद्दल वकिलांना फोन' ही वेगळी ओळ झाली, तिला वेगळी तारीख.

तक्ता फसतोय हे कसं ओळखायचं? कृतीच्या रकान्यात 'बघू', 'लक्ष घालायचं' असे शब्द आले, की समजा ती कृतीच नाही. कृती अशी हवी की संध्याकाळी विचारलं तर 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच उत्तर येईल. 'मुलाने समजून घ्यावं' हीसुद्धा कृती नाही, ते त्याच्या हातात आहे. 'मुलाला रविवारी फोन करून सांगणे' ही तुमची कृती. आणि एकच ओळ दोन-तीनदा पुढे ढकलली गेली, तर आळसाला दोष देऊ नका, तुकडा मोठा झालाय. बँकेत जाणं होत नसेल, तर आधी फक्त अर्ज आणून ठेवायची तारीख टाका.

एका वेळी एकच काळजी घ्या. पाच घेतल्या तर तो तक्ता राहत नाही, आणखी एक काळजी होते.

प्रत्येक दुःखाला हा तक्ता लागू नाही. माणूस गेल्याच्या शोकाला रकाने नसतात. घरात मारहाण होत असेल, तर तिथे आधी सुरक्षित जागा आणि मदत लागते. दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या टेलीमानसला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे.

बाकीच्यांनी आज रात्री एकच ओळ लिहावी. आणि तिच्यापुढे वार, तारीख, वेळ.