स. न. वि. वि., घरमालक

दोन वर्षांत दोन घरं बदलली, दोन घरमालक पाहिले. दोघांनीही राहायला गेल्या दिवशी आमच्या हातात एकेक कागद ठेवला. पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत 'सूचना' असं लिहिलेलं होतं आणि खाली एकूण सतरा वाक्यं. त्यातली सोळा 'नये' ने संपणारी होती आणि सतरावं 'अन्यथा' ने सुरू होणारं. दुसऱ्या कागदाची सुरुवात होती, 'चौघांना स. न. वि. वि.' आमच्यातल्या एकाला तर हे संक्षिप्त रूप एखाद्या डिग्रीसारखं वाटलं. शेवटी घरी आजीला फोन करून त्याने अर्थ विचारला: सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तर माझं म्हणणं सरळ आहे. घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने नव्या भाडेकरूला असं एक स्वागताचं पत्र लिहावं, आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते हक्काने मागावं. 'गोड बोलण्याने काय होतंय, करार पक्का हवा' हे माझ्या सिव्हिलवाल्या पार्टनरचं मत. त्याचं अर्धं खरं आहे, त्या अर्ध्याकडे नंतर येतो.

आधी ते पत्र कसं होतं ते सांगतो. कोथरूडमधला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले. किल्ली घ्यायला गेलो तेव्हा ओट्यावर पाण्याचा भरलेला माठ आणि त्याखाली दाबून ठेवलेला रेघांचा फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पहिल्या चार ओळी नुसत्या स्वागताच्या होत्या. तुम्ही इथे राहायला आलात याचा आनंद आहे, शेजारच्या काकूंना तुमच्याबद्दल सांगून ठेवलं आहे, परीक्षेच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या तबल्याचा त्रास झाला तर मला सांगा, भांडू नका, वगैरे. मग मात्र पत्र कामाला लागलं.

'मी आज सकाळी विजेच्या मीटरचा आकडा पाहिला, तो 6412 आहे. तुम्हीही खाली जाऊन बघून घ्या आणि फोटो काढून ठेवा.' तेव्हा वाटलं, काय हा चिकटपणा! पण पहिलं बिल आलं तेव्हा उलगडा झाला. बिलावर मागचं रीडिंग 6340 आणि चालू रीडिंग 6580, म्हणजे 240 युनिट, रक्कम 2100 रुपये. बिलाचा महिना आणि आपण राहायला येण्याची तारीख कधीच जुळत नाहीत. त्यामुळे 6340 ते 6412 ही 72 युनिटं आमच्या आधीच्या मंडळींची होती. आमची 168, म्हणजे बरोबर 70 टक्के. आम्ही 1470 भरले, बाकीचे 630 काकांनी आधीच्या भाडेकरूंच्या डिपॉझिटमधून वळते केले. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे कोणाची युनिटं स्वस्त टप्प्यातली आणि कोणाची महाग, हा वाद घालत बसता येतं. टक्क्याने वाटणी केली की तो मिटतो. आधीच्या घरात हा आकडा कोणी लिहिला नव्हता आणि पहिलं पूर्ण बिल आम्ही मुकाट्याने भरलं होतं.

पुढची ओळ मला सगळ्यात आवडली. 'बेसिनला डाव्या बाजूला बारीक तडा आहे, तो जुना आहे. हॉलमधला पंखा चारवर ठेवला की आवाज करतो, तीनवर ठेवा. बेडरूमच्या खिडकीखाली जोराच्या पावसात ओल येते, तिथे पुस्तकं ठेवू नका.' घराचे दोष घरमालकाने स्वतःहून लिहून द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण विचार करा, डिपॉझिटची भांडणं नेमकी कशावरून होतात? 'हे आधीपासून होतं' आणि 'हे तुम्ही केलंत' या दोन वाक्यांवरून. पहिल्या घरातून निघताना कपाटाच्या दारावरच्या ओरखड्यापायी आमचे 3000 रुपये कापले गेले. ओरखडा आमच्या आधीचा होता, पण आमच्याकडे ना फोटो, ना कागद.

आता काळजाला हात घालणारी गोष्ट. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. त्याबद्दल पत्रात पाच ओळी होत्या, सगळ्यात जास्त. 'गीझरला हवा लागते. वरची जाळीची खिडकी थंडीतही बंद करू नका. बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग आंघोळ करा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर वापरू नका, मला फोन करा. डोकं जड झालं, गरगरलं तर आधी बाहेर या.'

डिसेंबरमध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा आमच्यातल्या एकाने त्या जाळीत पुठ्ठा कोंबला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आला तो भिंतीला धरूनच. 'रात्रभर जागलोय, म्हणून असेल,' म्हणाला. सबमिशनचे दिवस होते, आम्हालाही ते पटलं असतं. पण पत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं आणि 'डोकं जड झालं' ही ओळ रोज दूध काढताना दिसायची. पुठ्ठा त्याच मिनिटाला निघाला, गीझर बंद झाला आणि आम्ही त्याला घेऊन दवाखाना गाठला. सुदैवाने तो संध्याकाळपर्यंत ठीक झाला.

यामागचं केमिस्ट्री आपण सगळे फर्स्ट इयरला पाठ करून आलेलो असतो. हवा अपुरी पडली की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे ठीक आहे' असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला 200 पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. एवढं माहीत असूनही पुठ्ठा कोंबला तो एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानेच. आणि गंमत बघा, पहिल्या घराच्या सूचनांमध्येही 'बाथरूमची खिडकी बंद करू नये' हे वाक्य होतं, नववं किंवा दहावं. आम्हाला वाटायचं, मालकाला भिंतीला बुरशी लागायची काळजी आहे. सोळा 'नये' मध्ये कुठला 'नये' जिवावरचा आणि कुठला मालकाच्या रंगाच्या काळजीपोटी, हे कळणार कसं? काकांच्या पत्रात प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. आणि पत्र आपुलकीचं होतं म्हणून तर ते फ्रिजवर लागलं. सूचनांचा कागद आम्ही पहिल्याच आठवड्यात भेळ खायला वापरला होता.

आता पार्टनरचं अर्धं खरं. पत्र म्हणजे करार नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. 'अकरा महिन्यांचाच आहे, कशाला नोंदणी?' असं एजंट सर्रास सांगतात. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही या जुन्या नियमावरून ही अकराची सवय लागलीय, पण आपल्या राज्यात तिचा इथे उपयोग नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. तेव्हा भाडं किती, डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, या गोष्टी करारातच हव्यात. पत्राने त्यात भर घालावी, वेगळंच काही लिहू नये. आमच्या करारात 'मालक वाजवी वेळी पाहणीस येऊ शकतील' एवढंच होतं. पत्रात काकांनी लिहिलं, 'महिन्यातून एकदा, रविवारी, आदल्या दिवशी फोन करून येईन.' याला म्हणतात भर. पोलिसांना द्यायच्या माहितीसाठी फोटो मागतानाही त्यांनी 'तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, प्रत्येक भाडेकरूची देतो' असं एक वाक्य जोडलं होतं. गावाहून आलेल्या पोराला त्या एका वाक्याने किती बरं वाटतं हे गावाहून आलेल्यालाच विचारा.

पण काकांच्या पत्रातही एक चूक होती. शेवटी त्यांनी प्रेमाने लिहिलं होतं, 'घर आपलंच समजा.' आम्ही समजलो! फेब्रुवारीत बाथरूमबाहेरच्या भिंतीवर कपड्यांचा स्टँड लावायला ड्रिल आणलं आणि दुसऱ्याच भोकातून कारंजं उडालं. आतून पाण्याचा पाइप गेलेला. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे पत्रात होतं (गच्चीच्या जिन्यात, लाल रंगाचा), म्हणून दहा मिनिटांत पाणी थांबलं. प्लंबर आणि फरशी मिळून 1800 रुपये झाले. काका आले, भोक बघितलं, आणि रागावतील म्हणून आम्ही मान खाली घालून उभे असताना म्हणाले, 'आपल्या घरात भोक पाडताना माणूस विचारतो का कोणाला? वाक्य माझंच चुकलं.' निम्मे पैसे त्यांनी दिले. आम्ही नको म्हणत होतो, पण ऐकलं नाही. माझ्या मते त्यांनी द्यायला नको होते, पण तो वेगळा विषय.

असली गोड वाक्यं पत्रात असावीत की नाही यावर आमच्या खोलीत अजून एकमत नाही. पार्टनर म्हणतो, काढून टाका. मी म्हणतो, ठेवा, पण लगेच खाली लिहा की खिळे कुठे चालतील. येत्या जूनमध्ये आम्ही घर सोडतोय आणि दोन ज्युनिअर्स तिथे राहायला येणार आहेत. काकांनी नवीन पत्राचा कच्चा मसुदा मला वाचायला दिलाय. सुरुवात तीच, स. न. वि. वि. 'घर आपलंच समजा' तसंच आहे. त्याच्या खाली पेन्सिलने भिंतीचं चित्र काढून पाइपची रेघ दाखवली आहे आणि लिहिलंय, 'ड्रिल करण्याआधी मला बोलवा, चहाही होईल.'