‘लांब आहे, म्हणून परवडतं’: प्लॉटच्या जाहिरातीत खरं अंतर लिहायला घाबरू नका

आज एकाच होर्डिंगची गोष्ट सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एकाने वडिलोपार्जित चार एकरांवर एनए करून प्लॉट पाडलेत. जागा सासवडच्या पुढे सहा किलोमीटर, जेजुरीच्या बाजूला. होर्डिंगचा मजकूर त्याने तयारच करून आणला होता: ‘पुण्यापासून फक्त २० मिनिटं! विमानतळाच्या शेजारी! ५ वर्षांत पैसे दुप्पट!’

मी विचारलं, ‘वीस मिनिटं कुठून मोजलीस?’

‘सर, पुण्याच्या हद्दीवरून.’

आता ही हद्द म्हणजे काय, बघा. फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून उरुळी देवाचीसोबत तिची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे जागा हलली नाही, रस्ता तोच, आणि ‘पुणे’ मात्र एकदा जवळ आलं आणि एकदा लांब गेलं! गिऱ्हाईक हद्दीवर राहत नाही. ते हडपसरला, मगरपट्ट्याला, वानवडीला राहतं. त्यामुळे मोजायचं ते त्याच्या दारापासून.

आम्ही दोघं सोमवारी सकाळी नऊला हडपसर गाडीतळावरून त्याच्या गाडीने निघालो. फुरसुंगी, वडकी, मग दिवे घाट, सासवड आणि पुढे साईट. एक तास चौदा मिनिटं लागली. रविवारी सकाळी सहाला तोच रस्ता पाऊण तासात झाला. घाटात एखादा ट्रक बंद पडला तर दीड तास धरा. आणि माउलींची पालखी घाट चढते त्या दिवशी तर तिकडे साईट व्हिजिट ठेवायचीच नाही.

तर अंतर लिहायचं कसं? माझं मत असं: कुठून निघालात, किती वाजता निघालात आणि किती वेळ लागला, या तिन्ही गोष्टी एका ओळीत याव्यात. ‘हडपसरपासून सकाळी सव्वा तास.’ नुसते किलोमीटर लिहिले तर घाट लपतो. आणि ‘फक्त’ हा शब्द आधी खोडा. अंतर जास्त असलं की तो हमखास येतो.

तो म्हणाला, ‘सर, सव्वा तास वाचून फोन कोण करणार?’ प्रश्न रास्त आहे. फोन कमी येतील, हे मी मान्य करतो. पण हिशेब करा. समजा ‘२० मिनिटं’ वाचून चाळीस फोन आले आणि त्यातली दहा कुटुंबं रविवारी गाडीत बसली. गाडी तुमची, डिझेल तुमचं, जेवण तुमचं. घाट चढता चढता मागच्या सीटवरच्या काकू घड्याळ बघायला लागतात. साईट येईपर्यंत त्यांचा निर्णय झालेला असतो, आणि तो प्लॉट बघून झालेला नसतो. जाहिरातीतली पहिलीच गोष्ट खोटी निघाली, मग सातबारा आणि एनएची ऑर्डर दाखवली तरी ते संशयानेच वाचणार. सव्वा तास वाचूनही जो फोन करतो, त्याने अंतर आधीच पचवलेलं असतं.

आता वाढीचं बघू. पुरंदरच्या विमानतळासाठी तिथली जागा २०१६ मध्ये पुढे आली. तेव्हापासून त्या भागात विमानतळाच्या नावावर प्लॉट विकले गेलेत. सात गावांतली जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोध झाला, जागेबद्दल उलटसुलट चर्चा झाली आणि तिथून अजून विमान उडालेलं नाही. नवी मुंबईचं उदाहरण घ्या. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, भूमिपूजन २०१८ चं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे विमानतळ होतो, पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या ईएमआयच्या वेळापत्रकाने होत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, टॅगलाइनमध्ये भविष्यकाळातलं एकही क्रियापद नको. जे आज साईटवर उभं राहून बोटाने दाखवता येतं तेवढंच लिही. आम्ही यादी करायला बसलो. डांबरी रस्ता प्लॉटपर्यंत आहे. महावितरणचे पोल आहेत, कनेक्शन मिळालंय. जेजुरीची एमआयडीसी चालू आहे. पाणी? तो म्हणाला, ‘बोअर आहे.’ मी विचारलं, ‘मे महिन्यात किती वेळ चालते?’ तो गप्प. पुरंदर हा कमी पावसाचा तालुका, उन्हाळ्यात टँकर काही नवीन नाही. तेव्हा पाणी यादीतून बाहेर. गिऱ्हाइकाने विचारलं तर बोअर चालू करून दाखवायची आणि मेमधली स्थिती तोंडाने स्पष्ट सांगायची.

कायद्याचा भाग थोडक्यात. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकताय, तर महारेरा नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. आणि रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मागता येते किंवा व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. ‘ते आमच्या डिझायनरने टाकलं होतं’ हे कारण तिथे चालत नाही.

मग ओळ काय लिहायची? त्याची पहिली सूचना होती, ‘निसर्गाच्या कुशीत’. खोटं नाही, पण यातून काहीच कळत नाही. दुसरी, ‘उद्याचं पुणे’. पुन्हा भविष्य. मी म्हटलं, तुझ्याकडे माणूस येतो तो कशासाठी? तो लगेच म्हणाला, ‘सर, सासवडमध्ये त्याला परवडत नाही म्हणून.’ झालं, ओळ तिथेच सापडली!

लांब आहे, म्हणून परवडतं.

चार शब्द. दुचाकीवरून जाणाराही वाचतो. त्याखाली लहान अक्षरात: ‘सासवडच्या पुढे ६ किमी. हडपसरपासून सकाळी सव्वा तास. रस्ता आणि वीज आज आहे. विमानतळ आमच्या हिशेबात नाही.’

शेवटच्या वाक्यावर आमचा अर्धा तास वाद झाला. त्याचं म्हणणं, शेजारचे सगळे विमानतळ ओरडतायत, मी कशाला नाकारू? माझं म्हणणं, सगळे ओरडतायत म्हणूनच. तिथे थांबून होर्डिंग वाचणारा माणूस हेच वाक्य घरी जाऊन बायकोला सांगणार. शिवाय विमानतळ होणार नाही असं आपण म्हणतच नाही, फक्त त्याचे पैसे आपण भावात धरलेले नाहीत.

आणि इथेच या टॅगलाइनची खरी परीक्षा आहे. भाव खरोखरच कमी हवा. मी त्याला सासवडमधल्या आणि त्याच्या गावातल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढायला लावले. कागदावरचा आकडा कधीकधी प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, म्हणून दोन एजंटांनाही विचारलं. त्याने ठरवलेला भाव सासवडपेक्षा जेमतेम दहा टक्के कमी निघाला. सव्वा तासाच्या प्रवासाला दहा टक्के? मग ‘परवडतं’ हाही खोटेपणाच झाला. ‘विमानतळ हिशेबात नाही’ लिहितोस आणि भावात तो लावलेलाच आहेस, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने भाव उतरवला आणि चार एकरांऐवजी आधी दोनच एकरांचे प्लॉट विकायला काढले.

होर्डिंग लागलं त्याच आठवड्यात त्याच्या एजंटने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं: ‘एअरपोर्ट टच प्लॉट, शेवटचे तीन’. आता तो रोज सकाळी चहा पिताना आधी एजंटांची स्टेटस बघतो, मग साईटवर जातो.