हिरवा ठिपका आणि संशयाची दिशा

मोबाइलच्या पडद्यावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला, की अनेक ग्राहकांचा पहिला संशय बँकेच्या ॲपवर जातो. जेथे पैसा, तेथेच चोर आला असणार, हा मनाचा स्वाभाविक तर्क आहे. परंतु अशा वेळी ग्राहक, आणि स्पष्टच लिहायचे तर आपले काही सहकारीही, शिक्षेपासून आरंभ करतात आणि चौकशी राहून जाते, असे माझे मत आहे. ‘बँकेचे ॲप काढून टाका’ किंवा ‘फोन फॅक्टरी रीसेट करा’ हे सल्ले काउंटरवरून सहज दिले जातात. रीसेटमुळे छायाचित्रे जातात, यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि मायक्रोफोन नेमके कोण वापरत होते हे मात्र कधीच कळत नाही. पुढे तेच ॲप ग्राहक स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवून घेतो.

हा ठिपका म्हणजे रोग नव्हे. अँड्रॉइड १२ या २०२१ साली आलेल्या आवृत्तीपासून, कोणतेही ॲप मायक्रोफोन किंवा कॅमेरा वापरू लागले की फोन ही खूण दाखवतो. ठिपका दिसत असतानाच पडदा वरून खाली ओढून त्या खुणेवर बोट टेकवले, तर वापरणाऱ्या ॲपचे नाव समोर येते. अडचण एवढीच, की ग्राहक शाखेत पोहोचेपर्यंत ठिपका बहुधा मावळलेला असतो. अशा वेळी उपयोगी पडते ती परवानग्यांच्या वापराची नोंद. आपल्या भाषेत सांगायचे तर ते मायक्रोफोनचे पासबुकच होय.

बडोद्याच्या आमच्या शाखेतील एक प्रसंग येथे देतो. एक निवृत्त ज्येष्ठ ग्राहक मोबाइल बँकिंग बंद करण्याचा अर्ज घेऊन आले. रात्री शिल्लक पाहताना ठिपका दिसतो, सकाळी दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. “साहेब, तुमचे ॲप आमचे बोलणे ऐकते,” असे ते ठामपणे म्हणाले. अर्ज बाजूला ठेवून मी त्यांना म्हटले, “काका, आधी नोंद पाहू. मग आपण म्हणाल तसे करू.” त्यांच्याच हाताने Settings, मग Security & privacy, त्यात Privacy dashboard आणि शेवटी Microphone असे उघडवले. काही कंपन्यांच्या फोनांत ही नावे थोडी निराळी असतात. सेटिंग्जच्या शोधपेटीत privacy टाइप केल्यास वाट सापडते.

गेल्या २४ तासांच्या त्या यादीत बँकेच्या ॲपची एकही नोंद नव्हती. फोन आणि व्हॉट्सॲपच्या वेळा त्यांनी केलेल्या कॉलशी जुळत होत्या. शिल्लक राहिले दोघे. गुगलच्या बऱ्याच नोंदी होत्या, पण त्या काही सेकंदांच्या. दुसरे होते टाळी वाजवली की हरवलेला फोन वाजू लागतो, असले एक ॲप. त्याची आदल्या रात्रीची नोंद तासाहून अधिक काळाची होती. काकांचा संशय तत्काळ गुगलवर वळला, कारण त्या नावाच्या नोंदी संख्येने अधिक होत्या. खात्याचा उतारा वाचताना जी चूक होते तीच ही: नोंदी मोजायच्या नसतात, त्यांतील आकडा पाहायचा असतो.

दोघांपैकी कोण, हे ठरवण्यासाठी सेफ मोड वापरला. अनेक फोनांत पॉवरचे बटण दाबून धरले, की बंद करण्याचा पर्याय येतो. त्या पर्यायावरच बोट दाबून ठेवले, की Safe mode मध्ये फोन पुन्हा सुरू करायचा का, असे विचारले जाते. या अवस्थेत फोनसोबत कारखान्यातून आलेली ॲप्स चालतात. आपण नंतर उतरवलेली सारी थांबतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात Safe mode अशी अक्षरे दिसतात. काकांनी गुगलच्या ॲपमध्ये मायक्रोफोनचे चिन्ह दाबून मराठीत दोन शब्द उच्चारले. ठिपका आला आणि काही क्षणांत गेला. त्या लहान नोंदींचा उलगडा तेथेच झाला, कारण ते शोधायचे शब्द नेहमी बोलूनच सांगत. पुढे पंधरा मिनिटे फोन टेबलावर ठेवला. ठिपका आला नाही.

येथेच निकाल देण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. सेफ मोडमध्ये जाताना फोन बंद होऊन सुरू होतो, आणि केवळ तेवढ्यानेही एखादे ॲप काही काळ गप्प बसते. शिवाय नव्या अँड्रॉइडमध्ये पडद्यामागचे ॲप आपल्या आपण मायक्रोफोन सुरू करू शकत नाही. कोणीतरी ते एकदा उघडावे लागते. मग सूचनांच्या पट्टीत आपली खूण ठेवून ते ऐकत राहू शकते. म्हणून उलट तपासणी आवश्यक ठरते. आम्ही फोन नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू केला, ठिपका नव्हता. टाळीचे ॲप उघडून चालू केले, मग मुख्य पडद्यावर आलो. ठिपका उमटला आणि राहिला. त्याच स्थितीत बँकेचे ॲप उघडले, तेव्हा ठिपका बँकेच्या ॲपचा असल्यासारखा भासला. काका झोपण्यापूर्वी टाळीचे ॲप चालू करत आणि त्यानंतर शिल्लक पाहत. पुढे केव्हातरी बॅटरी वाचवण्यासाठी फोनच ते ॲप बंद करी, म्हणून सकाळी ठिपका नसे.

त्या ॲपची मायक्रोफोनची परवानगी Don't allow केली. परवानगीविना ते निरुपयोगी असल्याने काकांनी ते काढूनच टाकले. घरातील दुसऱ्या फोनवरून गुगलच्या सोयीने आपला फोन वाजवता येतो, आणि त्यासाठी मायक्रोफोन सतत उघडा ठेवावा लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या यादीत फोन, व्हॉट्सॲप आणि गुगल एवढेच उरले. अर्ज त्यांनी स्वतः फाडला.

या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नोंद मायक्रोफोन केव्हा उघडला हे सांगते. काय ऐकले, ते कोठे पाठवले, हे सांगत नाही. एखाद्या संकेतस्थळाने ब्राउझरमधून मायक्रोफोन घेतला, तर यादीत ब्राउझरचेच नाव येते. मग त्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये संकेतस्थळांच्या परवानग्या पाहाव्या लागतात. यादी मुळात २४ तासांची आहे. अँड्रॉइड १३ पासून अनेक फोनांत ७ दिवसांपर्यंत मागे जाता येते. सेफ मोडमध्येही ठिपका तसाच येत राहिला, तर शोध कारखान्यातून आलेल्या ॲप्सकडे वळवावा. आणि नावात ‘सेफ’ असले, तरी ती व्यवहाराची सुरक्षित खोली नव्हे. तेथे आपले बँकेचे ॲप चालणारच नाही. बाहेर यायला फोन पुन्हा सुरू करणे पुरते. मात्र मुख्य पडद्यावरील काही विजेट पुन्हा लावावी लागतात, कधी कीबोर्डही नव्याने निवडावा लागतो, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

आता आपल्या बाजूचे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहक ओळख पटवण्यास मान्यता दिली. त्या संभाषणासाठी मायक्रोफोन लागतोच, आणि त्या दिवशीच्या यादीत बँकेचे किंवा ब्राउझरचे नाव आले तर ते रास्त आहे. पण ते काम एकदाच होते. तेव्हा परवानगी विचारणाऱ्या चौकटीत Only this time निवडावे, असे आपल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकाला त्याच वेळी सांगावे. नंतर कधी त्या नोंदीत बँकेचे नाव दिसले, तर त्याची वेळ घेऊन शाखेत यावे; तिचा खुलासा मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि तो देणे आपले काम आहे.