‘आलो’ म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

स्वयंपाकघरातून हाक येते, “जेवायला ये रे!” आतल्या खोलीतून उत्तर जातं, “आलो!” हेच माद्रिदमधल्या घरात घडलं तर मुलगा म्हणेल “या बॉय”, म्हणजे शब्दशः ‘जातोच’. टोकियोतला म्हणेल “इमा इकिमासु”, म्हणजे ‘आता जातो’. तिघेही ताटावरच जाऊन बसणार आहेत. क्रियापद मात्र एकाचं येण्याचं आणि दोघांचं जाण्याचं.

या फरकाबद्दल दोन मतं ठामपणे मांडली जातात. पहिलं नियमवाल्यांचं. ते म्हणतात, बोलणाऱ्याकडे होणारी हालचाल म्हणजे येणं आणि त्याच्यापासून दूर होणारी म्हणजे जाणं. वस्तूंनाही तोच न्याय: इकडे आणायची, तिकडे न्यायची. त्यांच्या हिशेबी ‘आलो’ म्हणणारा सैल बोलतो, कारण तो स्वतःपासून दूरच निघालेला असतो. दुसरं मत स्वभाववाल्यांचं. ते ‘आलो’ची बाजू घेतात, पण भलत्याच कारणाने. समोरच्याच्या जागी उभं राहून बोलण्यात मराठी माणसाची आपुलकी दिसते, आणि ‘जातो’ म्हणणारे लोक आपल्यापुरतं पाहणारे, असं ते सांगतात. माझ्या मते दोघेही चुकतात.

नियमवाल्यांचं अर्धं म्हणणं मान्य करायला हवं. बोलणाऱ्याच्या जागेकडे होणाऱ्या हालचालीला वरच्या तिन्ही भाषा ‘येणं’च म्हणतात. वाद फक्त ऐकणाऱ्याकडे होणाऱ्या हालचालीचा आहे. आणि तिथे हा नियम इंग्रजीतही टिकत नाही. यजमानाला फोनवर ‘मी तुमच्याकडे येतो’ सांगताना इंग्रज ‘कम’ म्हणतो आणि ‘काय आणू?’ विचारताना ‘ब्रिंग’ म्हणतो. आयर्लंडच्या इंग्रजीत तर मुलांना शाळेत सोडायलाही ‘ब्रिंग’ चालतं. चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने 1971 साली सांताक्रूझ इथल्या व्याख्यानांत इंग्रजी ‘कम’ची बारकाईने फोड केली. त्याला बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंही ठिकाण चालतं, ती वेळ बोलण्याची असो वा पोचण्याची, आणि दोघांपैकी कुणाचं घर असलं तर तो माणूस घरात नसतानाही चालतं.

मराठीचंही तसंच आहे. “काल तुझ्या घरी आलो होतो, तू नव्हतास” हे वाक्य दोघे एसटी स्टँडवर उभे असताना सहज बोललं जातं. त्या घरात काल ऐकणारा नव्हता आणि आज दोघेही नाहीत. तरी ते ‘तुझं’ घर आहे, एवढ्यावर ‘आलो’ बरोबर ठरतं.

आता स्वभाववाल्यांकडे वळू. ऐकणाऱ्याची जागा धरणं हे आदराचं किंवा मायेचं लक्षण असेल, तर ते जपानीत सर्वांत आधी सापडायला हवं. समोरच्याचा मान राखण्यासाठी क्रियापदांची वेगळी रूपं बाळगणारी ती भाषा. पण तिथलं प्रमाण बोलणं ऐकणाऱ्याकडे निघताना ‘जातो’च म्हणतं. त्याच जपानमध्ये क्यूशू बेटावरच्या बोलींत मात्र अशा ठिकाणी ‘येतो’ म्हणतात. क्यूशूची माणसं टोकियोच्या माणसांहून जास्त मायाळू, असं म्हणायला कोण धजेल?

बार्सिलोनाचं उदाहरण याहून नेमकं आहे. तिथे असंख्य लोक कॅटलान आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा रोज बोलतात. हाकेला ओ देताना कॅटलानमध्ये “झा बिंक”, म्हणजे ‘येतोच’, आणि स्पॅनिशमध्ये ‘जातोच’. माणूस तोच, दिवस तोच. भाषा बदलताच त्याची माया आटते, असं तर होत नाही. आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ टाळून ‘येतो’ म्हणतात, तो पुरावाही इथे कामाचा नाही. ती अशुभ टाळण्याची रीत आहे आणि तिचा अर्थ ‘पुन्हा येईन’ असा आहे. तोच माणूस दारातून “ऑफिसला जातो” असंही बिनदिक्कत सांगतो.

मग खरं काय? प्रत्येक भाषेने ‘इथे’ कुणाचं धरायचं हे आपल्यापुरतं ठरवलेलं असतं. स्पॅनिश आणि प्रमाण जपानी हाकेला उत्तर देताना ते बोलणाऱ्यापाशी ठेवतात. मराठी ते बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना देते. तिसऱ्याला सहसा देत नाही.

एक प्रसंग घेऊ. काकू आजारी आहेत आणि पुतण्या त्यांना फोनवर सांगतो, “काकू, मी डबा आणून देतो.” फोन ठेवून तो बायकोला म्हणतो, “काकूंना डबा नेऊन देतो.” डबा एक, रस्ता एक. काकू ऐकत होत्या तेव्हा ‘आणून’, त्यांच्याविषयी बोलणं झालं तेव्हा ‘नेऊन’. आता त्याने फोनवरच “काकू, तुमच्या घरी डबा नेतो” म्हटलं, तर काकू विचारतील, “अरे, मी घरीच आहे की! कुणासाठी नेतोस?” आणि काकूंच्या ओट्यापाशी उभा राहून “डबा नेऊ का?” विचारलं, तर तो तिथला डबा उचलून न्यायची परवानगी मागतोय असा अर्थ होईल.

हा सैलपणा असता तर ‘नेतो’ म्हटल्यावर गोंधळ उडाला नसता. ठाण्याच्या माणसाने पुण्याच्या मित्राला “मी रविवारी नाशिकला येतो” म्हटलं, की रविवारी मित्र नाशकात असणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. “नाशिकला जातो” म्हटलं तर मित्राचा त्या बेताशी संबंध उरत नाही. मित्र नाशिकला जाणारच नसेल, तर तो ‘येतो’ ऐकून लगेच अडवतो, “पण मी कुठे आहे तिथे?” चूक कशी ओळखायची, याची ही साधी कसोटी.

तिसऱ्याकडे ‘येणं’ वापरायचं तर लेखकाला तिथे जाऊन उभं राहावं लागतं. “1666 साली महाराज आग्र्याला गेले” असं लिहिणारा महाराष्ट्रात बसून सांगतो. “आग्र्याला आले” लिहिणाऱ्याने कथन आग्र्यात नेऊन ठेवलेलं असतं. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच परिच्छेदात कारण नसताना दोन्ही आले की वाचकाला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं.

म्हणून मराठी शिकवणाऱ्यांना एक विनंती. ‘इकडे ये, तिकडे जा’ एवढ्यावर धडा संपवू नका. परभाषकाला आधी ‘मी तुझ्याकडे येतो’ आणि ‘मी त्याच्याकडे जातो’ ही जोडी द्या, मग ‘आणून देतो’ आणि ‘नेऊन देतो’ ही. शिकणारा स्पॅनिश किंवा जपानी असेल, तर तो चुकणार ‘तुझ्याकडे’पाशीच. तिथे त्याची चूक दुरुस्त करा, त्याचा स्वभाव नको.