ग्रुपवरचे शेकडो मेसेज, पुराची एकच नोंद

सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी नद्यांचे पाणी नांदगाव शहरात शिरले होते. अशा वेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो आणि पुढे पाणी नेमके कधी आले यावरून वाद रंगतो. मेसेजवरून सलग नोंद करताना पहिला घोळ होतो तो इथेच.

मेसेजखालची वेळ तो पाठवल्याची असते, घटनेची नव्हे. समजा, 'पुलावरून पाणी चाललंय' हा मेसेज ७.४० ला आला. विचारल्यावर कळले, तो दुसऱ्या ग्रुपवरून पुढे ढकललेला. पुलाजवळच्या दुकानदाराने पाणी पाहिले ६.५० च्या सुमारास. मग नोंद अशी: 'सुमारे ६.५०: पुलावरून पाणी, दुकानदाराने स्वतः पाहिले. ग्रुपवर ७.४० ला आले.' दोन्ही वेळा हव्यात, कारण पाणी येणे आणि लोकांना कळणे या वेगळ्या घटना आहेत. दुसऱ्या कुणी ७.१५ सांगितले, तर सरासरी काढू नये. तेही नावानिशी लिहावे.

Export chat ने मजकुराची फाईल मिळते, पण त्यात फॉरवर्डची खूण नसते. 'हो, खरंय' हे कशाला उत्तर होते, तेही कळत नाही. म्हणून मूळ चॅट शेजारी उघडी हवी.

'पालिका झोपली होती' हे मत झाले. नोंदीत एवढेच येईल: '८.१५ पर्यंत या ग्रुपवर पालिकेची सूचना दिसत नाही.' भोंगा लावून गाडी फिरली असेल तर ते ग्रुपवरून कळणार नाही. ते पालिकेलाच विचारावे लागेल.